टेस्टरचा रेझ्युमे जाहिरातीशेजारी ठेवून वाचताना

सॉफ्टवेअर टेस्टरच्या जागेसाठी आलेले रेझ्युमे वाचायला बसलं की पहिले दहा संपेपर्यंतच कंटाळा येतो, कारण सगळे सारखेच दिसतात. सेलेनियम, टेस्टएनजी, मेव्हन, जेनकिन्स, जिरा, पोस्टमन. क्रम बदलतो, नावं तीच. जाहिरातीतही हीच नावं असतात, त्यामुळे नुसती नावं जुळवत गेलं तर सगळेच पात्र ठरतात आणि शेवटी कोणाची मांडणी नीटनेटकी आहे यावर निवड होते.

म्हणून मी एक साधी युक्ती वापरतो. पेन्सिल घेऊन साधनांची नावं खोडून टाकतो आणि वाक्यात काय उरतं ते बघतो. ‘सेलेनियम, जावा आणि टेस्टएनजी वापरून वेब अ‍ॅपचं ऑटोमेशन केलं’ यातली नावं खोडली की ‘वापरून ऑटोमेशन केलं’ एवढंच उरतं. म्हणजे त्या ओळीत माणूस नव्हताच, फक्त यादी होती. काही ओळी मात्र नावं खोडल्यावरही उभ्या राहतात. त्या ओळींवर किती वेळ द्यायचा आणि त्यांचं वजन कसं करायचं, हे एका नमुन्यावर दाखवतो. जाहिरात आणि रेझ्युमे दोन्ही मी या लेखासाठी रचले आहेत, पण अशा ओळी मी अनेकदा वाचल्या आहेत.

जाहिरात अशी आहे: ‘३ ते ५ वर्षं अनुभवाचा क्यूए इंजिनिअर हवा. जावा-सेलेनियमवरचं सध्याचं ऑटोमेशन फ्रेमवर्क सांभाळणं व वाढवणं. नियमांची गुंतागुंत असलेल्या मॉड्यूल्ससाठी टेस्ट डिझाइन. जिरामध्ये डिफेक्ट्सचा पाठपुरावा आणि ट्रायाजमध्ये सहभाग.’

रेझ्युमे चार वर्षं अनुभवाच्या उमेदवाराचा. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत तीन ओळी:

‘हायब्रिड फ्रेमवर्क विकसित केलं, ८० टक्के रिग्रेशन ऑटोमेट केलं.’
‘रिफंड मॉड्यूलसाठी ४५० टेस्ट केसेस लिहिल्या, बाउंडरी व्हॅल्यू आणि डिसिजन टेबल तंत्रांचा वापर.’
‘जिरामध्ये २०० डिफेक्ट्स नोंदवले आणि क्लोज होईपर्यंत पाठपुरावा केला.’

आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, ‘इतर’ या मथळ्याखाली, बारीक अक्षरांत: ‘रात्रीच्या रनमध्ये अधूनमधून फेल होणाऱ्या ४० टेस्ट्स तपासल्या; २८ दुरुस्त केल्या, ९ एपीआय पातळीवर नेल्या, ३ काढून टाकल्या.’

आधी जाहिरात नीट वाचू. तिच्यात सगळ्यांत महत्त्वाचा शब्द ‘सेलेनियम’ नाही, ‘सध्याचं’ हा आहे. म्हणजे तिथे आधीच कोणीतरी लिहिलेल्या शेकडो टेस्ट्स आहेत, त्या लिहिणारा बहुधा सोडून गेलाय, आणि त्या रोज सकाळी कुठे ना कुठे लाल दिसतात. नव्या माणसाला कोऱ्या पाटीवर फ्रेमवर्क उभारायचं नाहीये. दुसऱ्याचा संसार चालवायचाय. जाहिरात लिहिणाऱ्याला हे जाणवलेलं असतं, पण तो ते सांभाळणं या एका शब्दात उरकतो.

आता उमेदवाराची पहिली ओळ. ‘हायब्रिड फ्रेमवर्क’ हा शब्द मुलाखतींच्या तयारीतून आलेला आहे. डेटा बाहेरच्या फाइलमधून घेतला, शिवाय पेज ऑब्जेक्ट मॉडेल वापरलं, की त्याला हायब्रिड म्हणायची पद्धत पडली आहे. पेज ऑब्जेक्ट म्हणजे प्रत्येक स्क्रीनसाठी एक वेगळा क्लास, ज्यात त्या स्क्रीनवरची बटणं कशी शोधायची ते एकाच जागी लिहिलेलं असतं. बटणाचा आयडी बदलला तर एकच ओळ बदलावी लागते, पन्नास टेस्ट्स उघडाव्या लागत नाहीत. हे चांगलंच आहे, पण आज ते इतकं सर्रास आहे की असण्याचे गुण देता येत नाहीत, फक्त नसण्याचे कापता येतात. शिवाय ‘विकसित केलं’ हे क्रियापद फसवं आहे. आठ जणांच्या टीममधल्या आठही जणांच्या रेझ्युमेत एकच फ्रेमवर्क ‘विकसित केलं’ असं मी पाहिलंय.

८० टक्के हा आकडा त्याहून फसवा. रिग्रेशन म्हणजे नव्या बदलाने जुनं काही मोडलं नाही ना, याची फेरतपासणी. तिच्यातल्या कशाचे ८० टक्के? ४०० रिग्रेशन केसेसपैकी ३२० ऑटोमेट झाल्या असतील, पण राहिलेल्या ८० मध्येच पैशांचे व्यवहार आणि परवानग्यांचे अवघड नियम असतील, तर सोपं काम झालं आणि जोखमीचं हातावर राहिलं. त्यातही खरा प्रश्न हा, की त्या ३२० टेस्ट्स रात्री चालल्यावर सकाळी त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवतं का?

इथे थोडं गणित करायला हवं. अ‍ॅपमध्ये काहीही बिघाड नसताना टेस्ट कधी पास, कधी फेल होत असेल तर तिला फ्लेकी म्हणतात. समजा ३०० टेस्ट्स आहेत आणि प्रत्येक टेस्ट १०० वेळांतून एकदा विनाकारण फेल होते. ऐकायला हे नगण्य वाटतं. पण सगळ्याच्या सगळ्या ३०० हिरव्या येण्याची शक्यता काढायची तर ०.९९ चा ३००वा घात घ्यावा लागतो, आणि तो येतो साधारण ०.०५. म्हणजे कोडमध्ये एकही चूक नसताना शंभर रात्रींपैकी ९५ रात्री रन लाल होणार. दर रात्री सरासरी तीन टेस्ट्स उगाच फेल. महिन्याभरात टीमला लाल रंगाची सवय होते, आणि एक दिवस खरा बग त्या लालीत लपून पुढे निघून जातो.

टेस्ट्स फ्लेकी होण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे वाट बघण्याची पद्धत. पानावरचं बटण तयार होण्याआधी टेस्टने त्यावर क्लिक केलं तर ती फेल होते. यावर घाईचा उपाय असा असतो:

```java
Thread.sleep(5000);
```

पाच सेकंद गप्प बसायचं. बटण अर्ध्या सेकंदात आलं तरी पाच सेकंद जातात, आणि सहाव्या सेकंदाला आलं तर टेस्ट फेल होतेच. ३०० टेस्ट्सपैकी प्रत्येकीत असे दोन थांबे असतील, तर नुसत्या बसण्यातच ५० मिनिटं गेली. योग्य उपाय म्हणजे ठरावीक गोष्ट घडेपर्यंत थांबायचं, घडली की लगेच पुढे जायचं:

```java
new WebDriverWait(driver, Duration.ofSeconds(10))
    .until(ExpectedConditions.elementToBeClickable(By.id("refund")));
```

रेझ्युमेत कोणी हे लिहीत नाही आणि लिहूही नये. पण ज्याने हे दुखणं भोगलंय त्याच्या ओळीत त्याची खूण दिसते. या रेझ्युमेत ती खूण कुठे आहे? पहिल्या पानावर नाहीच. दुसऱ्या पानाच्या तळाशी, ‘इतर’मध्ये आहे.

त्या ओळीत साधनाचं एकही नाव नाही, त्यामुळे खोडण्यासारखं काही नाहीच. तिच्यात ४० टेस्ट्सचे तीन वाटे आहेत आणि प्रत्येक वाटा म्हणजे एक निर्णय आहे. २८ दुरुस्त केल्या, म्हणजे कारणं शोधली. ९ एपीआय पातळीवर नेल्या, म्हणजे त्याच्या लक्षात आलं, की जी गोष्ट ब्राउझर न उघडता थेट सर्व्हरला विचारून तपासता येते, तिच्यासाठी स्क्रीनवर धडपडण्यात अर्थ नाही. आणि ३ काढून टाकल्या. टेस्ट काढून टाकायला धाडस लागतं, कारण आकडा कमी होतो आणि वर कोणीतरी विचारतं, ‘टेस्ट्स कमी कशा झाल्या?’ जाहिरातीतल्या ‘सांभाळणं’ या शब्दाला या रेझ्युमेतली हीच एक ओळ उत्तर देते, आणि उमेदवाराने ती तळघरात टाकली आहे.

फ्लेकी टेस्ट्सवर दुसरा एक उपाय सर्रास दिसतो: फेल झाली की आपोआप पुन्हा चालवा. टेस्टएनजीमध्ये त्याची सोय आहे, आणि ‘रिट्राय लॉजिक तयार केलं’ ही ओळ रेझ्युमेत अभिमानाने येते. गणित तिच्या बाजूने आहे. वरच्याच उदाहरणात एकदा पुन्हा चालवायची मुभा दिली, तर शंभरातल्या साधारण ९७ रात्री हिरव्या होतात. पण बग स्वतःच कधी येतो, कधी येत नाही असा असेल, म्हणजे दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तरच उद्भवणारा, तर तोही दुसऱ्या फेरीत गायब होतो. टेस्टने तो पकडला होता, रिट्रायने सोडून दिला. म्हणून ही ओळ दिसली की मी शेजारी प्रश्नचिन्ह काढतो. पुन्हा चालवून पास झालेल्या टेस्ट्सची वेगळी यादी ठेवून ती कोणी बघत होतं, असं पुढे लिहिलं असेल तर प्रश्नचिन्ह खोडतो.

उमेदवाराने सेलेनियमऐवजी प्लेराइटवर काम केलं असतं तर? नावं जुळवणारा तो रेझ्युमे बाजूला टाकेल, आणि ते चुकीचं ठरेल. पेज ऑब्जेक्ट, टेस्ट डेटा वेगळा ठेवणं, रन पाइपलाइनला जोडणं, हे सगळं एका साधनातून दुसऱ्यात सहज येतं. एक गोष्ट मात्र सहज येत नाही. प्लेराइट क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, हलत नाहीये ना, चालू आहे का, हे स्वतःच तपासून थांबतं. सेलेनियममध्ये ते बरंचसं आपल्याला सांगावं लागतं. त्यामुळे फक्त प्लेराइट वापरलेल्या माणसाला थांबण्याचा प्रश्न कदाचित भेटलेलाच नसतो. ही दरी काही आठवड्यांत भरते. जावा अजिबात येत नसेल तर मात्र जास्त वेळ लागतो, कारण दुसऱ्याचं जुनं फ्रेमवर्क सांभाळताना कोड लिहिण्याहून वाचणं अधिक असतं.

दुसऱ्या ओळीकडे येऊ. रिफंड मॉड्यूल, ४५० टेस्ट केसेस, दोन तंत्रांची नावं. ४५० हा आकडा पाहून मला आनंद होत नाही, शंका येते. का, ते एका छोट्या नियमावर दाखवतो.

समजा नियम असा आहे: वस्तू मिळाल्यापासून १० दिवसांच्या आत, पॅकिंग न फोडता परत केली आणि ती सवलतीच्या विक्रीतली नसेल, तरच पैसे परत. यात हो-नाहीच्या तीन अटी आहेत, म्हणून एकूण आठ जोड्या होतात. डिसिजन टेबल म्हणजे या आठ जोड्यांचा तक्ता, प्रत्येकीसमोर काय व्हायला हवं ते लिहिलेलं. तक्ता मांडला की दिसतं, की मुदत संपली असेल तर बाकीच्या दोन अटी काहीही असोत, उत्तर ‘नाही’च. असे स्तंभ एकत्र केले की आठाचे चार होतात: सगळं ठीक, मुदत गेली, मुदतीत पण पॅकिंग फोडलं, मुदतीत आणि पॅकिंगही शाबूत पण सवलतीची वस्तू.

आठाचे चार झाल्यावर थांबतो तो टेस्टर बरा. पुढे एक प्रश्न विचारतो तो चांगला: पॅकिंगही फोडलंय आणि वस्तूही सवलतीची आहे, तर ग्राहकाला कोणतं कारण दाखवायचं? पैसे परत मिळणार नाहीत हे दोन्ही बाजूंनी खरंच आहे, म्हणून ही जोडी आपण एकत्र करून टाकली. पण संदेश वेगळे असतील तर ती पुन्हा वेगळी करावी लागते. तक्त्याचा उपयोग केसेस वाढवायला किंवा कमी करायला नसतो. नियम लिहिणाऱ्याने न सांगितलेलं त्यात सापडतं.

मग १० दिवसांची सीमा. बाउंडरी व्हॅल्यूचं तंत्र सांगतं, की चुका मधोमध नाही तर कडेला होतात, म्हणून १०वा दिवस आणि ११वा दिवस तपासा. डेव्हलपरने ‘पेक्षा कमी’ लिहायचं की ‘पेक्षा कमी किंवा तेवढंच’ लिहायचं, यात गडबड केली असेल तर ती इथेच पकडली जाते. ५वा, ६वा, ७वा दिवस वेगवेगळ्या केसेसमध्ये तपासून काही हाती लागत नाही, मात्र केसेसची संख्या छान वाढते. ४५०पर्यंत पोचण्याचा हा एक राजमार्ग आहे. आणि सीमेवरचा खरा प्रश्न आकड्यांच्या पलीकडे असतो: दिवस मोजायचे कुठून? वस्तू पोचल्याच्या क्षणापासून २४ तासांचे दहा तुकडे, की तारखा? रात्री ११ वाजता पोचलेल्या वस्तूचा पहिला दिवस एक तासाचाच का? सर्व्हर आणि ग्राहक वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये असतील तर कोणाची मध्यरात्र धरायची?

उमेदवाराने ही ओळ ‘रिफंडच्या नियमांचा तक्ता मांडताना दोन अटींच्या संदेशांमधला विरोध कोड लिहिण्याआधीच सापडला’ अशी लिहिली असती, तर ४५०ची गरजच नव्हती. आत्ता मात्र मला एवढंच कळतं, की त्याला तंत्रांची नावं माहीत आहेत. ती टेस्टर्सना प्रमाणपत्र देणाऱ्या आयएसटीक्यूबी या संस्थेच्या पायाभूत अभ्यासक्रमातही शिकवतात, त्यामुळे नावांवरून वापर सिद्ध होत नाही. निम्मे गुण.

तिसरी ओळ, २०० डिफेक्ट्स. हा आकडा एकटा वाचता येत नाही. चार वर्षांत २०० म्हणजे महिन्याला चारच्या आसपास, आणि ते कमी की जास्त हे कोड किती बिघडलेला होता यावर ठरतं. मला त्याच्या शेजारचा आकडा हवा असतो: त्यातले किती ‘डुप्लिकेट’ किंवा ‘कॅनॉट रिप्रोड्यूस’ म्हणून बंद झाले? २०० पैकी ४६ तसे बंद झाले असतील, तर जवळपास दर चौथा रिपोर्ट डेव्हलपरचा वेळ खाऊन परत आला. दर वेळी दोष टेस्टरचा असतो असं नाही, पण बहुतेकदा रिपोर्टमध्ये बिल्डचा क्रमांक नसतो, कोणत्या अकाउंटने लॉगिन केलं होतं ते नसतं, किंवा पायऱ्यांमधली पहिलीच पायरी ‘रिफंड पेजवर जा’ अशी असते, जिथे पोचायला वेगवेगळ्या चार वाटा असतात.

काही रेझ्युमेंमध्ये टक्केवारी येते: ‘डिफेक्ट रिमूव्हल एफिशियन्सी ९० टक्के’. याचा हिशोब सोपा आहे. रिलीजआधी ९० बग सापडले, रिलीजनंतर ग्राहकांना १० सापडले, तर एकूण १०० पैकी ९० आधी पकडले. पण रिलीजनंतरचे किती दिवस मोजले हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आठवडाभर मोजलं तर ९० येईल, तीन महिने मोजलं तर ७५ही येईल. आणि कोणी वापरतच नाही अशा फीचरची एफिशियन्सी नेहमीच शंभर टक्के असते.

‘क्लोज होईपर्यंत पाठपुरावा केला’ यात तर विशेष काहीच नाही. बग रिझॉल्व्ह झाला की पुन्हा तपासायचा, बरा असेल तर क्लोज, नसेल तर रीओपन, हे टेस्टरचं रोजचंच काम आहे. जाहिरातीला हवाय ट्रायाज, म्हणजे नोंदवलेल्या बग्सपैकी आधी कोणता घ्यायचा आणि कोणता पुढच्या रिलीजपर्यंत थांबवायचा, हे डेव्हलपर आणि प्रॉडक्टवाल्यांबरोबर बसून ठरवणं. तिथे टेस्टरला बोलावं लागतं, कधी भांडावं लागतं, कधी आपलाच बग मागे घ्यावा लागतो. या उमेदवाराने त्यातलं काही केलंय का, हे ओळीवरून कळत नाही. केलं असूही शकतं.

इथे एक तपशील मुलाखतीत उपयोगी पडतो. जिरामध्ये प्रायॉरिटी हा रकाना आधीपासून असतो, पण सिव्हिरिटीचा रकाना टीमला स्वतः जोडून घ्यावा लागतो. सिव्हिरिटी म्हणजे बिघाड किती मोठा, प्रायॉरिटी म्हणजे तो किती लवकर दुरुस्त करायचा. ‘तुमच्या टीमने सिव्हिरिटी कुठे लिहायची ठरवली होती, आणि ती कोण बदलू शकत होतं?’ असं विचारलं की ट्रायाजमध्ये बसलेला माणूस लगेच एखादा वाद सांगायला लागतो. न बसलेला दोन्ही शब्दांच्या व्याख्या सांगतो.

मग या रेझ्युमेचं काय करायचं? ऑटोमेशनच्या बाबतीत तो जाहिरातीला नेमका बसतो, पण पहिल्या ओळीमुळे नाही, शेवटच्या ओळीमुळे. टेस्ट डिझाइन अर्धवट सिद्ध. डिफेक्ट ट्रॅकिंग जवळपास कोरं, तिथे फक्त शंकेचा फायदा देता येतो. एवढ्यावर मी त्याला बोलावेन. उलट, पहिल्या तीन ओळींसारख्याच तीसेक ओळी असलेला आणि ‘इतर’ रिकामा असलेला रेझ्युमे मी बाजूला ठेवेन, त्यात साधनांची नावं दुप्पट असली तरी.

एक मर्यादा मान्य करायला हवी. रेझ्युमेवरून लिहिणं तपासलं जातं, काम नाही. काही कंपन्या आकडे बाहेर नेऊ देत नाहीत, काही टेस्टर्सना आपल्या कामाबद्दल लिहायची सवयच नसते, आणि ज्यांना ही सवय असते ते दुसऱ्याचाही निर्णय आपल्या नावावर सफाईने लिहू शकतात. ४० टेस्ट्सची ती ओळ एखाद्या सहकाऱ्याची उधार घेतलेली असेल तर? ते पानावरून कळणार नाही. म्हणून मी त्या ओळीला गोल करून समासात मुलाखतीसाठी एवढंच लिहून ठेवतो: काढून टाकलेल्या त्या ३ टेस्ट्स काय तपासत होत्या, आणि काढण्याआधी कोणाला विचारलं होतं?